आवाज येतोय ना?

भीमरत्नच्या घरात बोलायची सुरुवात तोंडाने होत नसे. आधी समोरच्याची नजर मिळवावी लागे. बहीण अक्षरा पाठमोरी असली तर खांद्यावर दोन बोटं टेकायची, लांब असली तर खोलीतला दिवा एकदा बंद करून लावायचा. तिने वळून पाहिलं की मग हात चालायचे. अक्षरा जन्मापासून ठार बहिरी. त्यांच्या आईने, सुलाबाईने, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत वीस वर्षं पाला झाडला, पोरीला तिथल्याच बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं, आणि पोरगी शिकली. नुसती शिकली नाही, खुणांनी बोलताना ती अशी काही बोलायची की बघणाऱ्याने हातातलं काम सोडावं. हे भाऊ म्हणून भीमरत्न सांगायचा तर लोक हसायचे, पण ते खरं होतं.

आता तिघं बेळगावजवळ हिंडलग्याला भाड्याने राहत होती. भीमरत्न कॅम्पात एका छोट्या स्टुडिओत व्हिडिओचं काम बघायचा. बेकरीच्या वर दोन खोल्या, मालक नागेंद्र, कामाला चार माणसं. लग्नं, शाळांचे कार्यक्रम, क्लासवाल्यांचे धडे, मिळेल ते. आणि तिथंच त्या वर्षी एका ट्रस्टचं काम आलं: बहिऱ्या मुलांसाठी दहावीच्या गणिताचे चाळीस धडे, खुणांच्या भाषेत, वेबसाइटवर. खुणा करणारं माणूस हवं होतं. भीमरत्नने बहिणीचं नाव सांगितलं. ट्रस्टच्या नीलम मॅडमनी अक्षराला बोलावलं, दोन धडे करून बघितले आणि म्हणाल्या, "पंधरा दिवस मुलांना दाखवू. मुलं बघतात असं दिसलं तर हिला आम्ही कायमची शिक्षिका म्हणून घेऊ. खुणांच्या भाषेच्या डिप्लोमाचं नंतर बघू."

त्या दिवशी अक्षरा घरी आली आणि तिने आईला तो निरोप तीनदा सांगितला. तिसऱ्यांदा सांगताना ती स्वतःच रडली. आजवर तिने शिलाई केली होती, मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घातल्या होत्या, एका पॅकिंगच्या कारखान्यात डबे मोजले होते. शिक्षिका हा शब्द तिच्या हातांनी स्वतःबद्दल कधी केला नव्हता.

चित्रीकरण महिनाभर चाललं. निळा पडदा, अक्षराचा काळा कुर्ता, तिची बोटं. ऐकू येणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांनाही समजावं म्हणून मागून आवाज द्यायचा होता, तो भीमरत्ननेच दिला. तिची बोटं वर्गमूळ काढायची आणि त्याचा आवाज ते वाचून दाखवायचा. संकलन करताना तो स्वतःशीच हसायचा. लहानपणी किराणा दुकानात ती खूण करायची आणि तो बोलून सामान मागायचा, आता तेच चाळीस धड्यांत चाललं होतं.

गाडी अडली ती फाइलींपाशी. नीलम मॅडमची अट होती, एक धडा शंभर एमबीच्या आत बसला पाहिजे. बहुतेक मुलं निपाणीच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बघणार, पण कणकुंबीच्या बाजूची काही घरून मोबाइलवर, तिथं नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. अट शहाणपणाची होती. भीमरत्नने बारा मिनिटांचा एक धडा व्हिडिओ दाबून लहान करायच्या दोन पद्धतींनी बांधून बघितला. एव्हीसी, म्हणजे जुनी, सगळीकडे चालणारी पद्धत: चांगलं चित्र ठेवायचं तर एकशे सत्तर एमबी, वेळ पंधरा मिनिटं. एचईव्हीसी, नवी पद्धत: तेच चित्र नव्वद एमबीत, पण ऑफिसच्या म्हाताऱ्या मशीनवर वेळ दीड तास. एव्हीसी दाबून नव्वदपर्यंत आणली तर अक्षराची बोटं जलद हलताना चिकटून जात. पाच आहेत की चार, कळेना. गणिताच्या धड्यात पाच की चार हेच कळलं नाही तर बाकी राहिलं काय?

म्हणून त्याने एचईव्हीसी निवडली. बहिणीच्या बोटांसाठी निवडली, हे त्याने नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

पण नवी पद्धत प्रत्येक कॉम्प्युटरवर, प्रत्येक ब्राउझरमध्ये उलगडत नाही, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. तो पोट भरत होता त्याच कामावर. तो नागेंद्रकडे गेला. "अण्णा, दोन्ही करूया. पानावर दोन फाइली ठेवायच्या, फाइलीपुढं कुठल्या पद्धतीची ते लिहायचं. ज्या ब्राउझरला नवी झेपतीया त्यो ती घेतोय, न्हाय त्याला जुनी मिळतीया."

नागेंद्रने घड्याळाकडे बघितलं. तो कन्नड घरातला, पण मराठी बेळगावची, झकास. "भीम, चाळीस धडे गुणिले दीड तास किती झालं? साठ. आज गुरुवार. सोमवारी द्यायचं हाय. त्यात तू वर जुनी बी करतो म्हणतोयस. आणि जागा दुप्पट लागतीया सर्वरवर, ते मॅडमना कोण सांगायचं? तुझ्या लॅपटॉपवर चालतंय न्हवं?"

"चालतंय."

"माझ्या मॅकवर चालतंय, फोनवर चालतंय. मग कुणाच्या बापाला चालत न्हाय? सोड."

आणि भीमरत्नने सोडलं. गोष्टीतली खरी मेख इथं आहे, म्हणून ती जरा थांबून सांगतो. साठ तासांचं काम मशीनने शनिवारी रात्री संपवलं. एव्हीसीला फक्त दहा तास लागणार होते. रविवार अख्खा मोकळा होता, मशीन थंड पडलं होतं, आणि ऑफिसची किल्ली भीमरत्नच्याच खिशात होती. कुणी त्याचा हात धरला नव्हता. तो सकाळी उशिरा उठला, मटण आणलं, आईने तांबडा रस्सा केला, आणि जेवून तो झोपला. एवढंच झालं.

सोमवारी तपासणी झाली. स्टुडिओची तपासणी म्हणजे एक फोन, वर्षानुवर्षांची तीच रीत. लिंक पाठवायची आणि फोन करून विचारायचं. निपाणीच्या शाळेत कल्लाप्पा सर होते, अक्षराचे जुने मास्तर. ते शिक्षकांच्या खोलीत बसले होते, शेजारच्या लॅबमध्ये शिपायाने धडा लावला.

"सर, चालू झाला का? आवाज येतोय ना?" भीमरत्नने विचारलं.

"व्हय रं, येतोय की. तुझाच आवाज. लई स्पष्ट यायलाय," कल्लाप्पा सर खुर्चीत बसूनच म्हणाले.

भीमरत्नने यादीत निपाणीसमोर बरोबरची खूण केली. बहिऱ्या मुलांच्या शाळेत आवाज पोचला की नाही ते विचारून त्याने काम हातावेगळं केलं. ज्या घरात जन्मभर नजर मिळवल्याशिवाय एक वाक्य बोलता आलं नाही, त्या घरातल्या माणसाने हे केलं.

पंधरा दिवसांनी ट्रस्टच्या ऑफिसात बैठक झाली. नीलम मॅडम, नागेंद्र, अक्षरा, आणि अक्षरासाठी दुभाष्या म्हणून भीमरत्न. अक्षराने आईची ठेवणीतली साडी नेसली होती. मॅडमनी स्क्रीनवर तक्ता लावला.

"हे बघा. निपाणीच्या शाळेत धडे उघडले गेलेत, प्रत्येक धडा, प्रत्येक मशीनवर. पण सरासरी किती वेळ बघितलाय? चाळीस सेकंद. बारा मिनिटांचा धडा, चाळीस सेकंद. मुलं उघडतात आणि बंद करतात." त्यांनी आवाज खाली आणला, जणू अक्षराला तो ऐकू जाणार होता. "मी वाईट म्हणत नाही, पण तिच्या खुणा निपाणीच्या, घरगुती वळणाच्या आहेत. प्रमाण नाहीत. मुलांना कळत नसणार. बेंगळुरूची एक डिप्लोमावाली मुलगी आम्ही बघितली आहे."

भीमरत्नची नजर तक्त्यावर होती. खाली बारीक अक्षरांत आणखी एक रकाना होता. मोबाइलवरची मुलं: सरासरी अकरा मिनिटं. लॅबचे कॉम्प्युटर: चाळीस सेकंद. कणकुंबीकडची पोरं आपल्या फोनवर जवळजवळ अख्खा धडा बघत होती. तेच धडे, त्याच खुणा. फक्त मशीन वेगळं.

त्याला सगळं समजलं. शाळेतले कॉम्प्युटर दहा-बारा वर्षांचे, ट्रस्टनेच दिलेले. आत एचईव्हीसी उलगडणारी चिप नाही. पानावर एकच फाइल, आणि आत काय आहे ते कुठे लिहिलेलं नाही. ब्राउझरने फाइलीचा डबा उघडला, त्यातला आवाज त्याला समजला, चित्र समजलं नाही, आणि त्याने समजलं तेवढं वाजवलं. काळा पडदा आणि भीमरत्नचा आवाज. बहिऱ्या मुलांपुढे.

त्याने नागेंद्रकडे बघितलं. नागेंद्रही तोच रकाना वाचत होता. त्याने नजर उचलली आणि मान अगदी किंचित हलवली, नाही म्हणून.

अक्षराने भावाच्या गुडघ्यावर बोट टेकवलं. "काय म्हणाल्या?"

आता हा माणूस बोलू शकत होता. दोन वाक्यांचं काम होतं. चूक माझी आहे, मुलांना चित्रच दिसलं नाही. पण त्याच्या मनात आलं, आधी दुरुस्त करू, मग आकडे वाढले की आपोआप सिद्ध होईल, उगाच आत्ता स्टुडिओची अब्रू कशाला घालवायची. भ्यालेल्या माणसाला अशी शहाणी कारणं फार पटकन सुचतात. त्याने बहिणीकडे तोंड केलं आणि हात उचलले.

"मुलं बघत नाहीत, म्हणाल्या. तुझ्या खुणा त्यांना कळत नाहीत."

अक्षराने विचारलं, "माझ्या शाळेतली मुलं? त्यांना माझं कळत नाही?"

त्याने मान डोलावली. तिने साडीचा पदर सारखा केला आणि मॅडमना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या बसने निपाणीला गेला. लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर, प्लास्टिकची झाकणं घातलेले. त्याने एक चालू केला, पहिला धडा लावला. काळा चौकोन उघडला आणि त्यातून त्याचा स्वतःचा आवाज आला, स्पष्ट, गोड, घासून पुसून घेतलेला: मुलांनो, आज आपण वर्गसमीकरणं शिकूया.

"सर, हे असंच चालतंय पहिल्या दिवसापासनं?"

"असंच," कल्लाप्पा सर म्हणाले. "पोरं माझ्याकडं बघायची, मी पडद्याकडं बघायचो."

"मग कळवलं का न्हाय?"

सरांनी एक झाकण उचललं, घडी घातली. "ही मशीनं ट्रस्टची देणगी, भीमा. गेल्या वर्षी दोन बंद पडलेली, कळवलं, तर वरनं उत्तर आलं की नीट वापरता येत न्हाय तर दुसऱ्या शाळंला देऊ. तवापासनं आम्ही तक्रार करत न्हाय. मला वाटलं मशीनंच गेली. धडे उघडले न्हाईत तर तेबी विचारतील, म्हणून सगळ्या मशीनवर उघडायचो, थोडा वेळ ठेवायचो आणि बंद करायचो. पोरांना फळ्यावर शिकवत होतो." मग झाकण बाजूला ठेवून म्हणाले, "अक्षराचं काम झालं न्हवं पक्कं? पोरगी लई हुशार माझी."

भीमरत्न म्हणाला, "व्हतंय, सर."

परत आल्याबरोबर त्याने हार्डडिस्क काढली आणि संकलित केलेल्या मूळ फाइलींवरून चाळीसही धडे एव्हीसीत बांधायला लावले. पंधरा-पंधरा मिनिटांचा एकेक, बरोबर दहा तास. मोठी फाइल शाळेच्या वायरच्या नेटला जड नव्हतीच. जड असती तर ती कणकुंबीच्या फोनला, आणि त्यांच्यासाठी नव्वदवाली होतीच. पानावर दोन्ही ठेवल्या, आधी नवी, मागे जुनी, दोन्हींपुढे आत काय आहे ते लिहून. ज्या ब्राउझरला जी झेपेल ती तो स्वतः निवडील. जगात सगळीकडे लोक हे असंच करतात. त्यात काहीही अवघड नव्हतं.

मग तो नीलम मॅडमना पत्र लिहायला बसला. सगळं लिहिलं. नागेंद्र मागे येऊन उभा राहिला, त्याने वाचलं, आणि शांतपणे म्हणाला, "भीम, पुढच्या टप्प्याचं काम त्यांच्याकडनंच येणार हाय. चार घरं चालत्यात हितं. 'ब्राउझर सपोर्ट वाढवला आहे' असं लिही. खोटं न्हाय ते."

खोटं नव्हतं. भीमरत्नने आधीचं सगळं पुसलं आणि तेवढंच लिहून पाठवलं.

आठवड्यात निपाणीचे आकडे अकरा मिनिटांवर गेले. नीलम मॅडमनी सगळ्यांना निरोप पाठवला, फुलांच्या चित्रासकट: नव्या नियोजनामुळे मुलांचा प्रतिसाद वाढला, सर्वांचे अभिनंदन. त्याच दिवशी अक्षराच्या नावाने पत्र आलं. तिच्या सहकार्याबद्दल ट्रस्ट आभारी आहे, पुढील धड्यांसाठी प्रशिक्षित शिक्षिकेची नेमणूक झाली आहे. ती बेंगळुरूची मुलगी तोवर रुजूही झाली होती. तिचा एकही धडा अजून चित्रित झाला नव्हता.

सुलाबाईने पत्र भीमरत्नकडून वाचून घेतलं. "कळत न्हाय म्हणाले पोरांना? हिचं?" ती एवढंच बोलली आणि चुलीकडे वळली.

अक्षरा रडली नाही. दोन दिवस ती खुणांचा एक जाडा कोश घेऊन आरशापुढे बसली आणि प्रत्येक खूण तपासत राहिली, आपलं नेमकं कुठं चुकलं ते शोधत. भीमरत्न कामावर जाताना ते बघायचा, परत आल्यावर बघायचा. चप्पल काढून आत यायचा, चहा घ्यायचा. सांगतो, उद्या सांगतो, असं करत चार दिवस गेले. हा नादान माणूस तिला आरशापुढे बसलेली बघत होता आणि चहा पीत होता.

पाचव्या दिवशी ती निपाणीला गेली, शाळेत मुलांना भेटायला. खुणा कळल्या नाहीत तर कुठल्या, हे त्यांनाच विचारणार होती. संध्याकाळी परत आली. भीमरत्न नुकताच आला होता. तिने पिशवी खाली ठेवली, त्याच्या समोर उभी राहिली आणि हात उचलले.

"मुलं म्हणाली, आधी पडदा काळा होता. आता तू दिसतेस. म्हणाली, इतके दिवस कुठं होतीस?"

तो चप्पल काढता काढता थांबला.

"सर म्हणाले, भीमा येऊन बघून गेला. तुला कधी कळलं?"

"बैठकीच्या दिवशी."

"बैठकीच्या आधी की नंतर?"

तिने सोडलं नाही. तोही आता लपवण्यापलीकडे गेला होता.

"बैठकीतच. मॅडम बोलत होत्या तेव्हा."

अक्षराचे हात खाली आले. मग पुन्हा उचलले, अगदी हळू, लहान मुलाला शिकवावं तसे.

"तू मला सांगितलंस, तुझ्या खुणा त्यांना कळत नाहीत. तुला माहीत होतं, आणि तू तुझ्या हातांनी सांगितलंस."

"मी दुरुस्त केलं," तो म्हणाला. "आता सगळीकडे दिसतंय."

"एकदा मला दाखवायचं होतंस. माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून. त्या मशीनचा पडदा. तू सरांना फोन करून आवाज विचारलास."

तिचं हे बरोबर होतं. त्याने तिथंच बसून फोन काढला आणि नीलम मॅडमना ते आधी पुसलेलं सगळं पुन्हा लिहिलं: चित्र का दिसलं नाही, चूक कुणाची, अक्षराच्या खुणांत काही चूक नव्हती. नागेंद्रला न विचारता पाठवलं. उत्तर लगेच आलं. तांत्रिक माहितीबद्दल धन्यवाद, पुढच्या टप्प्यात लक्षात ठेवू. नेमणुकीची प्रक्रिया पूर्ण झाली असल्याने त्यात आता बदल शक्य नाही.

तो उत्तर दाखवायला उठला. अक्षरा खिडकीकडे तोंड करून उभी होती. त्याने तिच्या खांद्यावर दोन बोटं टेकली. तिने खांदा काढून घेतला. तो दारापाशी गेला, दिव्याच्या बटणाशी. दिवा बंद केला, लावला.

तिने वळून पाहिलं नाही.

त्याने पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. आतून सुलाबाई म्हणाली, "काय रं, लाइट गेली काय?" तो बटणावर बोट ठेवून उभा राहिला, बंद, चालू, बंद, चालू. खिडकीच्या काचेत त्याला दिसलं, अक्षराने डोळे मिटून घेतले होते.